डोक्यातली आयडिया आता स्टेजवर आणा!

कळमन्याच्या बाजारात बारीक संत्र्याला भाव का मिळत नाही? इतवारीतला ठोक व्यापारी उधारी अजून वहीतच का लिहितो? बुटीबोरीला रोज जाणाऱ्या कामगाराला गरम डबा कोण पोचवेल? असला एखादा प्रश्न तुमच्या डोक्यात घोळत असेल, तर आपल्या कॉलेजच्या ई-सेलची पिच स्पर्धा तुमच्यासाठीच आहे.

📍 फायनल: शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळी १० पासून, कॉलेजचं मुख्य सभागृह

कोण येऊ शकतं? आपल्या कॉलेजचा कोणताही विद्यार्थी, डिप्लोमापासून पीजीपर्यंत. शाखेची अट नाही. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनो, "हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम" म्हणून मागे राहू नका. हिशेब आणि ग्राहकाशी बोलणं तुम्हाला जास्त जमतं. टीम २ ते ४ जणांची हवी, त्यात एक जण नागपुरातल्या दुसऱ्या कॉलेजचा चालेल. बाहेरून गुंतवणूक घेतलेल्या स्टार्टअपला मात्र प्रवेश नाही, कारण ही संधी पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांची आहे.

मॉडेल तयार नसलं तरी या. पण निदान १० संभाव्य ग्राहकांशी बोलून या, परीक्षक तेच आधी विचारतात. मागच्या वर्षी एका टीमचं मशीन ऐन स्टेजवर सुरूच झालं नाही. तरी सीताबर्डीतल्या १४ दुकानदारांशी बोलून भरलेली वही त्यांच्या हातात होती. कोण किती पैसे द्यायला तयार आहे, कोण नाही म्हणाला आणि का, सगळं लिहिलेलं. दुसरं बक्षीस त्यांनीच नेलं.

🏆 पहिलं २५,००० रुपये, दुसरं १५,०००, तिसरं ८,०००. शिवाय विदर्भातल्या शेतीचा किंवा शेतमालाचा प्रश्न सोडवणाऱ्या टीमला ५,००० चं खास बक्षीस. पहिल्या तीन टीमना ६ महिने ई-सेलच्या खोलीत बसायला जागा आणि दर पंधरवड्याला मार्गदर्शकाची भेट. आम्हाला विचाराल तर रोख रकमेपेक्षा ही जागाच मोठी आहे.

⏰ नोंदणीची शेवटची तारीख: मंगळवार, १० फेब्रुवारी, रात्री ११:५९. मुदत वाढणार नाही. फी नाही.

बायोमधल्या लिंकवर फॉर्म भरा आणि जास्तीत जास्त ६ स्लाइडची पीडीएफ जोडा: प्रश्न काय, तो कोणाचा, तुमचा उपाय, पैसे कुठून येणार, आतापर्यंत काय केलं, टीममध्ये कोण. निवडलेल्या १२ टीमची नावं १४ तारखेला इथेच टाकू. फायनलला ५ मिनिटं बोलायचं, ३ मिनिटं प्रश्नोत्तरं. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी भाषा तोंडात बसते त्यात बोला.

पहिल्यांदाच पिच करताय? गुरुवारी ५ फेब्रुवारीला दुपारी ४ वाजता ई-सेलच्या खोलीत या, स्लाइड सोबत बसून बघू. टीमला माणूस कमी पडतोय? खाली कमेंटमध्ये तुमची आयडिया एका ओळीत लिहा आणि कोण हवंय ते सांगा.

#नागपूर #विदर्भ #ईसेल #पिचस्पर्धा