वर्गसमीकरणाला कोणती पद्धत लावायची?

आदरणीय बाईंना सादर नमस्कार,

वर्गात विचारायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे.

अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र, तिन्ही पद्धती मला येतात. स्वाध्यायात वर लिहिलेलंच असतं की ‘अवयव पाडून सोडवा’, मग सगळी गणितं सुटतात. मिश्र उदाहरणं आली की मात्र सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

परवाच्या चाचणीत 2x² − 9x − 24 = 0 होतं. गुणाकार −48 आणि बेरीज −9 येणाऱ्या संख्या शोधत बसले. 3 आणि 16, 4 आणि 12, 6 आणि 8, सगळ्या जोड्या तपासल्या. जमेना, म्हणून माझाच गुणाकार चुकला असेल असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं! घरी येऊन विवेचक काढला तर 273 आला. पूर्ण वर्ग नाहीच, म्हणजे तशी जोडी मिळणारच नव्हती.

तेव्हापासून ठरवलं की आधी विवेचक काढायचा. पूर्ण वर्ग आला तर अवयव, नाहीतर सूत्र. पण विवेचक काढला म्हणजे सूत्राचं अर्धं काम झालंच की. मग परत मागे येऊन अवयव कशाला पाडायचे? सरळ सूत्रच का वापरू नये?

तसंही करून पाहिलं. (x − 4)² = 49 मध्ये कंस सोडवला, x² − 8x − 33 = 0 केलं, सूत्रात घातलं आणि 11 व −3 ही मुळं काढली. शेजारच्या मैत्रिणीने नुसतं x − 4 = ±7 लिहिलं आणि ती मोकळी झाली. उत्तर तेच, पण माझं अर्धं पान भरलं. ते समीकरण पाहून तिला जे दिसलं, ते मला का दिसलं नाही?

x⁴ − 13x² + 36 = 0 चंही तसंच. तुम्ही फळ्यावर x² = y धरलंत आणि सगळं सोपं झालं. पण तसं धरायचं हे तुम्हाला कशावरून सुचलं, ते मला हवं आहे.

एक अंदाज आहे, चूक असेल तर सांगा. x² + 6x − 2 = 0 मध्ये x² चा सहगुणक 1 आणि मधला सम आहे, म्हणून पूर्ण वर्ग पटकन होतो: (x + 3)² = 11. अशा आणखी काही खुणा असतात का? आणि अवयवांच्या किती जोड्या पाहून नाद सोडायचा?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मिळाली तर वही घेऊन येईन. उत्तरं नकोत, एखादं समीकरण समोर आल्यावर तुम्ही आधी काय बघता, तेवढं मोठ्याने बोलून दाखवाल का?

आपली विद्यार्थिनी,
ऋतुजा
इयत्ता दहावी