कॅलिब्रेशन टेक्निशियन (मितीय मापन) पदासाठी अर्ज

दिनांक : १२ जून २०२५

प्रेषक :
अश्विनी संभाजी पाटील
हातकणंगले, जि. कोल्हापूर

प्रति,
मा. प्रयोगशाळा व्यवस्थापक,
चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळा,
भोसरी औद्योगिक क्षेत्र, पुणे

विषय : मितीय विभागातील कॅलिब्रेशन टेक्निशियन पदासाठी अर्ज
संदर्भ : दि. ८ जून २०२५ ची आपली जाहिरात

महोदय,

कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मी २०२३ साली यंत्र अभियांत्रिकीची पदविका ७८.४० टक्के गुणांनी पूर्ण केली. त्यानंतर शिरोली औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये एक वर्ष अप्रेंटिस होते. ऑगस्ट २०२४ पासून तिथेच कंत्राटी पद्धतीने काम करते आहे. व्हर्निअर कॅलिपर, मायक्रोमीटर, हाइट गेज, डायल इंडिकेटर, बोअर गेज, प्लेन प्लग गेज आणि स्नॅप गेज अशी सुमारे साडेतीनशे उपकरणं आमच्या नोंदवहीत आहेत. त्यांचं अंतर्गत कॅलिब्रेशन, देय तारखांचा पाठपुरावा आणि मास्टर बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणं हे आम्ही दोघंजण पाहतो.

मी कसं काम करते हे कळावं म्हणून एका प्रसंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

मी रुजू झाले तेव्हा ०-२५ मिमीचे मायक्रोमीटर ५, १०, १५, २० आणि २५ मिमीच्या स्लिप गेजवर तपासले जात. मला शिकवलं गेलं तसंच मीही करत होते. मागच्या हिवाळ्यात एका पिनच्या व्यासावरून उत्पादन आणि तपासणी विभागांचं एकमत होईना. मशीनवरचा मायक्रोमीटर माप बरोबर दाखवत होता आणि तपासणीतला कंपॅरेटर तीच पिन नापास करत होता. मायक्रोमीटरवरचं हिरवं स्टिकर मीच लावलेलं होतं, त्यामुळे मी तो पुन्हा टेबलावर घेतला. नेहमीच्या पाचही मापांवर तो पुन्हा पासच झाला.

मग लक्षात आलं, की स्पिंडलच्या आट्यांचा पिच ०.५ मिमी आहे आणि आमची पाचही मापं त्याच्या पूर्ण पटीतली आहेत. म्हणजे प्रत्येक वेळी थिंबल शून्याच्या रेषेवरच येऊन थांबत होता. एका फेऱ्याच्या आत जी चूक होते, ती या पद्धतीत कधी दिसणारच नव्हती. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी जी मापमालिका मानकात दिलेली असते, तिच्यात थिंबल दर वेळी वेगळ्या जागी थांबतो. मालिका तशी का असते, याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. १०, १.५ आणि १.४ असे तीन स्लिप रिंगिंग करून १२.९ वर माप घेतलं तेव्हा सहा मायक्रॉनची चूक निघाली. आमची मर्यादा चार मायक्रॉनची होती. पाच वेळा माप घेतलं, माझ्या वरिष्ठांनाही घ्यायला सांगितलं, चूक तेवढीच राहिली.

मी त्या मायक्रोमीटरला लाल स्टिकर लावलं. मागच्या कॅलिब्रेशनपासून तो कोणत्या मशीनवर होता आणि त्यावर कोणत्या लॉटचं माप झालं याची यादी काढून गुणवत्ता विभागाला दिली. स्टॉकमधला माल पुन्हा तपासला गेला. स्टिकरवर सही माझी असल्यामुळे ती यादीही मीच द्यायला हवी होती. नंतर कार्यसूचनेतली मापं बदलण्याचा प्रस्ताव लिहून दिला, तो मंजूर झाला. आता आमच्याकडे दहा बिंदूंवर तपासणी होते आणि अॅनव्हिलची सपाटी व समांतरता ऑप्टिकल फ्लॅटने पाहिली जाते. अशा कामाला वेळ जास्त लागतो, पण घाईने दिलेल्या स्टिकरवर विसंबून कुणीतरी हजारो नग कापत असतो.

तापमानाबाबतही मी काटेकोर आहे. लांबीच्या मापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिमीचा पोलादी स्लिप पाच अंशांनी तापला तर जवळपास सहा मायक्रॉनने वाढतो, म्हणजे वर सांगितलेल्या चुकीइतकाच. त्यामुळे उपकरण शॉप फ्लोअरवरून आल्या आल्या मी त्याला हात लावत नाही. पुसून, मास्टरच्या शेजारी सरफेस प्लेटवर ठेवते आणि दोन्ही एका तापमानाला आल्यावरच माप घेते. स्लिप चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचलते.

मोजमापाच्या अनिश्चिततेचं गणित मी एक्सेलमध्ये स्वतः मांडते. मास्टरच्या प्रमाणपत्रातली अनिश्चितता दोनने भागणं, लीस्ट काउंट आणि तापमानातल्या फरकाचे घटक आयताकृती वितरण धरून घेणं, पुनरावर्तनीयतेसाठी दहा मापांचं प्रमाण विचलन काढणं, हे मला येतं. बाहेरून येणारी प्रमाणपत्रं मी फाइलला लावण्यापूर्वी वाचते. एका प्रमाणपत्रावरची अनिश्चितता त्या प्रयोगशाळेच्या मान्य व्याप्तीतील सीएमसीपेक्षा कमी छापलेली आढळली होती. मी पत्र पाठवून विचारणा केली आणि सुधारित प्रमाणपत्र मागवून घेतलं.

जे येत नाही तेही आधीच सांगते. दाब आणि तापमान या विभागांत माझा प्रत्यक्ष अनुभव नाही. डेड वेट टेस्टर आणि पीटी-१०० मी फक्त तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत हाताळले आहेत. आमची स्टँडर्ड रूम एनएबीएल मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ नुसार होणाऱ्या मूल्यांकनाला मी अजून सामोरी गेलेले नाही. मानक मी वाचलं आहे आणि त्यातल्या मोजमापाच्या मागोव्याची व नोंदींची कलमं माझ्या रोजच्या कामाशी ताडून पाहिली आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काम शिकायचं, हेच आपल्याकडे अर्ज करण्याचं मुख्य कारण आहे.

माझे वडील शिरोलीतच टर्नर होते. मायक्रोमीटर वापरण्याआधी ते कागदाची स्वच्छ पट्टी अॅनव्हिल आणि स्पिंडलमध्ये हलकेच धरून ओढून काढत, म्हणजे तेलाचा थर आणि धूळ निघून जाई. मी शाळेत असताना त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा हे पाहत बसायचे. आजही प्रत्येक मायक्रोमीटरची तपासणी मी त्याच पट्टीने सुरू करते.

जाहिरातीत ग्राहकांच्या जागी जाऊन कॅलिब्रेशन करण्याचा उल्लेख आहे. त्याला माझी तयारी आहे. माझ्याकडे दुचाकीचा परवाना आहे आणि चाकण, रांजणगाव भागात मुक्कामी जावं लागलं तरी अडचण नाही. पुण्यात राहण्याची सोय आत्याकडे होईल. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. हातातली उपकरणं आणि नोंदी सहकाऱ्याकडे नीट सोपवायच्या असल्याने तो महिना मी पूर्ण करणार आहे. वेतन आपल्या श्रेणीप्रमाणे मान्य राहील.

मुलाखतीच्या वेळी आपण एखादं उपकरण प्रत्यक्ष तपासायला द्यावं, अशी विनंती आहे. माप घेण्यापासून अनिश्चिततेच्या तक्त्यापर्यंतचं काम आपल्यासमोर करून दाखवेन. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी मी येऊ शकते, कारण सोमवारी आमच्याकडे आठवड्याची उपकरणं जमा होतात. माझा मोबाइल क्रमांक आणि ईमेल पत्ता सोबतच्या बायोडेटावर आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
अश्विनी संभाजी पाटील

सोबत : बायोडेटा, पदविकेचं गुणपत्रक व प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आणि मी तयार केलेला मायक्रोमीटरच्या अनिश्चिततेचा एक नमुना तक्ता (कारखान्याचं नाव व क्रमांक वगळून, वरिष्ठांच्या परवानगीने).