विषय: माल पोचताना शिल्लक मुदत किती हवी

सप्रेम नमस्कार,

फरसाणाच्या पाकिटावर 1 ऑक्टोबरची मुदत आहे, मग 10 जुलैला आलेला माल घ्यायचा का, असं आपण विचारलंत. घ्या. ते 3 जूनला पॅक झालंय, एकूण आयुष्य 120 दिवसांचं. 37 दिवस गेले, 83 उरले. आमची हमी दोन तृतीयांशाची, म्हणजे किमान 80 दिवसांची. हाच लॉट 13 जुलैनंतर आला असता, तर परत पाठवणंच योग्य.

पनीर 15 दिवसांचं असतं. पोचताना 10 दिवस उरलेले हवेत आणि तापमान 5 अंशांच्या आत. तारीख ताजी असली तरी पाकीट कोमट लागलं किंवा फुगलं असेल तर घेऊ नका. थंडावा तुटला की छापलेल्या मुदतीला अर्थ उरत नाही.

तारीख खोक्यावरची नको, आतल्या पाकिटाची बघा. गोदामात दोन लॉट एका खोक्यात भरले जातात, आणि चूक तिथेच होते. सर्वांत जुनं पाकीट धरून हिशेब करा. कमी मुदतीचा माल गाडी उभी असतानाच चलनावर लॉट नंबरसह लिहून परत द्या. क्रेडिट नोट लगेच निघेल.

आपण ऑनलाइनही विकता, म्हणून एक सांगतो: एफएसएसएआयने नोव्हेंबर 2024 मध्ये ई-कॉमर्स विक्रेत्यांना बजावलंय की ग्राहकाच्या हाती पडताना 30 टक्के किंवा 45 दिवस मुदत शिल्लक हवी. त्या ऑर्डरींसाठी माल वेगळा काढून ठेवा.

आपला,
पुरवठा विभाग