मामा, निरोपावर कात्री चालवली आहे

मामा,

तुझा मसुदा वाचला. मामीनं फोनवर "जरा नजर टाक" एवढंच सांगितलं होतं, पण नजर टाकून भागेना, म्हणून लिहायलाच बसले. आधी तुझा मजकूर जसाच्या तसा खाली ठेवते. काय काढलं ते समोर दिसलं की तुला भांडायलाही सोपं जाईल.

«सर्व सन्माननीय ग्राहकांस सप्रेम नमस्कार! २०२५ हे वर्ष आमच्या गिरणीसाठी अभूतपूर्व यशाचे ठरले. आपल्या उदंड प्रतिसादामुळे आज आम्ही परळमधील नंबर १ गिरणी म्हणून ओळखले जातो. गेली ५० वर्षे गुणवत्तेशी कोणतीही तडजोड न करता आम्ही अविरत सेवा देत आहोत. १९८२ च्या संपात आमच्या वडिलांनी शेकडो कुटुंबांना जगवले. यंदा निसर्गाच्या लहरीपणावर मात करून आम्ही मसाल्याचा हंगाम यशस्वी केला. एल्फिन्स्टन पूल बंद झाला तरी आमची सेवा एक दिवसही थांबली नाही. अत्यंत माफक दरात शुद्ध दळण हेच आमचे ब्रीद! आपल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार. १ जानेवारीपासून घरपोच सेवा सुरू. त्वरा करा!»

आता यात गिऱ्हाईक कुठे आहे ते शोध. सुरुवातीला नमस्कारापुरतं आणि शेवटी आभारापुरतं. मधल्या सगळ्या वाक्यांत आम्ही, आमचे, आमची. तू असा माणूस नाहीस हे गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पण कागदावर तू नगरसेवकाच्या बॅनरसारखा दिसतोयस.

पुलाचंच बघ. १२ सप्टेंबरच्या रात्री पूल बंद झाला. गिरणी परळच्या बाजूला, तू तुझ्या खुर्चीत. तुझी सेवा थांबायचं कारणच काय होतं? चालावं लागलं ते प्रभादेवीकडच्या लोकांना. पूल होता तेव्हा डबा स्कूटरवर पुढे ठेवून पाच मिनिटांत यायचे. नंतर एक तर स्टेशनच्या पादचारी पुलाचे जिने, नाहीतर थेट टिळक पूल किंवा करी रोडचा वळसा. दहा किलो गहू हातात धरून ते जिने गर्दीच्या वेळी एकदा चढून बघ. त्यांना त्यांच्या बाजूला दुसरी गिरणी मिळाली असती, कुणी घरघंटी घेतली असती. तरी आले. आभार मानायचे तर याचे. तुझ्या वाक्यात मात्र त्यांच्या पायपिटीचं श्रेय तू खिशात घातलंस.

मसाल्याचंही तेच. "निसर्गाच्या लहरीपणावर मात" हे वाचून मला हसू आलं, कारण त्या आठवड्यात मी गिरणीत होते आणि मात वगैरे कुणी केली नव्हती. एरवी मुंबईत मान्सून यायचा तो ११ जूनच्या आसपास. यंदा २६ मेलाच आला, आणि त्याआधीही पाऊस येऊन-जाऊन होताच. बेडगी, संकेश्वरी अजून गच्च्यांवर पडलेली. लोक अर्धवट वाळलेल्या मिरच्या पिशवीत भरून धावत आले. तू मूठभर मिरच्या हातात घेऊन कानाजवळ हलवायचास, बी वाजलं नाही की "आज नको, परत न्या" म्हणायचास. ओली मिरची डंखात चिकटते आणि मसाल्याला बुरशी धरते हे तुला माहीत, पण परळच्या उकाड्यात पाच किलो सामान घेऊन आलेल्या बाईला ते ऐकायला बरं वाटत नाही. तरी बहुतेकांनी ऐकलं. हे नुसतं जसं घडलं तसं लिहिलंस की "गुणवत्तेशी तडजोड नाही" हे वाक्य लागतच नाही. वाचणारा आपलं आपण समजतो. म्हणून ते मी काढलं.

५० वर्षांबद्दल: अण्णांनी गिरणी घेतली १९७८ साली. ४७ झाली. तीन वर्षं थांब, मग पेढे वाट. आपल्या गिऱ्हाइकांत असे आजोबा आहेत ज्यांना उद्घाटनाच्या दिवशीचा नारळ कुणी फोडला तेही आठवतं.

संपाच्या वाक्यावर तू रागावशील, तरी ते ठेवत नाही. अण्णांनी उधारीवर दळण दिलं हे खरंच आहे, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण "शेकडो कुटुंबांना जगवले" हे त्या कुटुंबांनी म्हणायचं, आपण नाही. त्यातली कितीतरी माणसं अजून त्याच चाळींत राहतात, काहींची मुलं टॉवरमध्ये गेली. त्यांच्या मोबाईलवर आपण असं लिहून पाठवायचं म्हणजे चार दशकांपूर्वीच्या उधारीची आठवण करून देणं झालं. आणि आजी सांगायची ती दुसरी बाजू तू लिहिलीच नाहीस, की गावाला निघून गेलेल्यांनीही नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पैसे पाठवले. ते कधीतरी नीट, वेगळं लिही. वर्षअखेरच्या निरोपात कोंबू नकोस.

"नंबर १" कुणी ठरवलं विचारू नकोस, मी विचारणार नाही. गेलं.

"माफक दरात"ही गेलं. जुलैत तू किलोमागे दोन रुपये वाढवलेस. योग्यच केलंस, पण मग माफक हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभतो. दरवाढीचा उल्लेख मात्र मी सरळ ठेवला आहे, कारण त्यावरही लोक चांगले वागले.

घरपोच सेवेची ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. आधी आभार आणि लगेच "त्वरा करा" म्हटलं की आभार त्या जाहिरातीचीच प्रस्तावना होते. सेवा चांगली आहे, प्रभादेवीकरांना तर हवीच आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वतंत्र निरोप पाठव, दर आणि वेळ लिहून.

एक गोष्ट तू विचारशील म्हणून आधीच सांगते. कुणाची नावं घातलेली नाहीत. पाच जणांचे नाव घेऊन आभार मानलेस तर बाकीचे सगळे स्वतःचं नाव शोधतील. प्रसंग लिहिला की ज्याचा आहे त्याला तो बरोबर ओळखता येतो.

हा घे तयार मजकूर:

«नमस्कार,

गिरणीतून लिहितोय. वर्ष संपायच्या आत काही गोष्टींसाठी तुमचे आभार मानायचे आहेत.

सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला तेव्हा प्रभादेवीकडचं दळण आता येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही स्टेशनचे जिने चढून, डबे घेऊन आलात. काहींनी दहा किलोच्या एका डब्याऐवजी पाच-पाचचे दोन केले आणि दोन खेपा घातल्या. जवळ दुसरी सोय असताना इथवर आलात, हे मी विसरणार नाही.

मे महिन्यात मिरच्या गच्चीवर असतानाच पाऊस आला. ओलसर मिरची आणलेल्या अनेकांना मला परत पाठवावं लागलं. एवढं सामान घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणताना मलाही अवघड वाटत होतं. तुम्ही वाद न घालता मिरच्या घरी नेल्यात, पंख्याखाली पसरल्यात, तव्यावर शेकल्यात आणि पुन्हा आणल्यात. काहींचा मसाला त्यामुळे जूनमध्ये झाला. थांबल्याबद्दल आभार.

दिवाळीआधी चकलीच्या भाजणीसाठी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. गव्हाच्या पाठोपाठ लगेच भाजणी दळता येत नाही, म्हणून तुम्हाला ताटकळावं लागलं. त्या गर्दीतही एका ताईंनी आपला नंबर मागच्या आजींना दिला. ताई, आजींच्या चकल्या छान झाल्या, त्या स्वतः सांगायला आल्या होत्या.

जुलैमध्ये दळणाचा दर किलोमागे २ रुपयांनी वाढवला. फळ्यावरचा आकडा वाचून तुम्ही घासाघीस केली नाहीत. काहींनी उलट वीजबिल किती येतं म्हणून चौकशी केलीत.

आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसाठी आभार. "जाडसर, लाडवासाठी." "नाचणी, बाळाच्या पेजेसाठी, अगदी बारीक." "ज्वारी, बाबांना भाकरी चावत नाही, जरा मऊ येईल असं बघा." अशी चिठ्ठी असली की दळताना हात आपोआप जपून चालतो.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. १ जानेवारीला गिरणी नेहमीच्या वेळेला उघडी आहे.

तुमचे गिरणीवाले काका»

सहीत गिरणीचं नाव मुद्दाम टाकलं नाही. सगळे तुला गिरणीवाले काकाच म्हणतात, फोनमध्येही तसाच साठवलेला असतोस.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपास. पाच-पाचच्या दोन डब्यांचं मामीनं सांगितलं, तू स्वतः पाहिलं नसशील तर ते वाक्य काढ. आणि चिठ्ठ्यांमधली ज्वारीची ज्यांची आहे, त्यांना एकदा विचार. नाव नसलं तरी घरातलं दुखणं आहे, त्यांना चालत नसेल तर तिथे दुसरी एखादी चिठ्ठी टाक. गल्ल्याखालच्या खोक्यात ढीग आहे.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमधून पाठवणार असशील तर लक्षात ठेव, ज्यांनी तुझा नंबर साठवलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. एका यादीत २५६ च नंबर बसतात, म्हणजे तुला दोन याद्या कराव्या लागतील. उरलेल्यांसाठी फळ्यावर हे लिही:

«पूल बंद असताना जिने चढून आलात, ओली मिरची परत नेऊन वाळवून आणलीत, दिवाळीत रांगेत थांबलात. आभार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.»

अक्षर मामीचं असू दे. ३१ ऐवजी ३० ला दुपारी पाठव, ३१ च्या रात्री फुलांच्या आणि फटाक्यांच्या चित्रांखाली तो गाडला जाईल. वरती गुलाबाचं चित्र जोडू नकोस, मला माहीत आहे तुझ्याकडे ते तयार आहे.

रविवारी येते. थालीपिठाची भाजणी दोन किलो बाजूला काढून ठेव, आणि पैसे घेणार नसशील तर मी दुसऱ्या गिरणीत जाईन.

तुझी भाची