विषय: ब्लोअरचे 15,000 रुपये आगाऊ घेऊन विक्रेता गप्प, जाहिरात मात्र अजून सुरू

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

मी सावळज, ता. तासगाव, जि. सांगली इथली द्राक्ष बागायतदार. तुमच्या ॲपवर कराडच्या एका विक्रेत्याने ट्रॅक्टरचलित जुना फवारणी ब्लोअर 85,000 रुपयांना लावला होता. त्याच्या नावापुढे तुमची 'पडताळणी झालेला विक्रेता' ही हिरवी खूण होती. ती बघूनच मी 6 ऑक्टोबरला 15,000 रुपये पाठवले. 9 तारखेला पिकअपमधून ब्लोअर घरपोच येणार होता. आजपर्यंत आला नाही.

9 तारखेला म्हणाला, गाडी बिघडलीय. 10 ला म्हणाला, ड्रायव्हर मिळेना. 11 तारखेपासून फोन बंद आहे आणि तुमच्या चॅटमधले माझे सात मेसेज वाचून उत्तर नाही.

तुमच्या मदत केंद्राला कळवलं, तर ठरलेलं उत्तर आलं की ॲपबाहेरच्या व्यवहाराची जबाबदारी आमची नाही. पण क्यूआर कोड त्याने तुमच्याच चॅटमध्ये पाठवला, भावही तिथेच ठरला. चॅटचे स्क्रीनशॉट आणि बँकेची पावती सोबत जोडली आहे. मग हे बाहेरचं कसं?

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, आता 78,000 रुपयांना. फोटो तोच, टाकीच्या झाकणाला बांधलेली निळी सुतळीसुद्धा तीच. माझ्या मोठ्या जावेने दुसऱ्या खात्यावरून विचारलं, तर 'आधी थोडं टोकन पाठवा' असं दहा मिनिटांत उत्तर आलं. म्हणजे माणूस हयात आहे, फोनवर आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

3 ऑक्टोबरला बागेची छाटणी झाली. आता बाग पोंग्यात आहे, म्हणजे डोळे फुटताहेत, आणि वर ढगाळ हवा. या दिवसांत डावणी रोगाची फवारणी दोन दिवस चुकली तरी घडाला धोका असतो. सध्या शेजाऱ्याचा ब्लोअर भाड्याने आणते, पण त्याची फवारणी उरकल्यावरच तो मिळतो. सव्वा एकरासाठी कर्ज काढलंय, त्यातलेच हे 15,000.

ती जाहिरात आजच काढा आणि खातं बंद करा, म्हणजे आणखी कोणी फसणार नाही. विक्रेत्याची पडताळणी करताना घेतलेलं नाव, पत्ता आणि कागदपत्रं पोलिसांनी मागितली की लगेच द्या. 14 तारखेला मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आणि ती हिरवी खूण कशाच्या आधारावर दिली, ते मला लेखी कळवा. माझे पैसे परत मिळवून देण्याची जबाबदारीही तुम्ही घ्यावी, कारण मी भरवसा त्या खुणेवर ठेवला.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

सुनीता पाटील
सावळज, 17 ऑक्टोबर
(मोबाइल नंबर खात्यात नोंदलेला आहे. सकाळी फवारणीत असते, दुपारी दोननंतर फोन करावा.)