निखिल, सावकाश वाच

निखिल, मेसेज लांब आहे. पेपर झाल्यावर निवांत वाच, घाई नाही. आणि आधीच सांगते, मी रागावलेली नाही. मागच्या आठवड्यात तू तीनदा विचारलंस, "ताई, रागावल्या का?" तेव्हाही नव्हते.

मंगळवारची गोष्ट सांगते. सकाळी सात वाजता मी आईला इन्सुलिन देत होते. एका हातात सुई, दुसऱ्या हातात तिच्या पोटाची चिमटी, आणि ओट्यावर फोन सारखा थरथरून राहिला होता. मला वाटलं, पुण्याला भावाकडे काही झालं. सुई तशीच ठेवून धावले. बघते तर अंबाझरीवरच्या एकाच शिक्र्याचे 14 फोटो, मागोमाग सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज, मग "बघितले का?", आणि निळ्या टिका पडल्याबरोबर "ताई??". रात्री सहज मोजले, त्या एका दिवसाचे 47 झाले होते.

खरं सांगू का, एवढ्यात स्क्रीनवर तुझं नाव दिसलं की आधी धस्स होतं. पक्षी कोणता असेल हे नंतर मनात येतं. असं व्हायला नको, म्हणूनच लिहून राहिले.

चूक माझीही आहे. सुरुवातीला रात्री अकरालासुद्धा मीच उत्तरं देत होते. सवय मी लावली आणि मग न सांगता गप्प बसले. तुला वाटलंच असेल, काय बिनसलं म्हणून. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

आता त्या शिक्र्याबद्दल. फोटो मी सगळे पाहिले, रविवारी, चहा घेत घेत. छातीवर आडव्या रेघा नाहीत, उभे तपकिरी थेंब आहेत, म्हणजे हे यंदाचं पिल्लू, असं तू म्हणालास ना? अगदी बरोबर. तीन महिन्यांपूर्वी तुला घार आणि शिक्रा यांतला फरक माहीत नव्हता रे! माझ्यासोबत दहा वर्षं फिरणारी माणसं आहेत, पण ते थेंब बघायला थांबत नाहीत.

आणि माझी फजिती तुला माहीत नाही. नवीन होते तेव्हा एक अख्खा उन्हाळा मी पावशालाच शिक्रा समजत होते. दिसतो तसाच ना मेला, रेघांसकट. विचारायला कोणी नव्हतं. एकदा तेलंगखेडीच्या बागेत तो बराच वेळ समोर बसला, तेव्हा लक्षात आलं की चोचीला शिकाऱ्याचा बाक नाही. तेवढ्यात त्याने "पेर्ते व्हा" सुरूच केलं. एवढी हसले मी एकटीच! त्या दिवशी कोणी दोन सेकंदांत फोनवर उत्तर दिलं असतं, तर ती चोच मी आजही नीट बघितली नसती.

म्हणून असं करू. सोमवार ते शनिवार तू वहीत लिही. कुठे बसला होता, काय खात होता, उडताना कसा दिसला, आणि तुझ्या मते कोण. चुकलं तरी खोडू नको. आठवड्यातले चांगले तीन-चार फोटो निवड आणि शनिवारी रात्री एकदम पाठव. रविवारी मी बसून बघेन आणि नीट उत्तर देईन. निवडायला जड जाईल, पण त्यातूनच नजर तयार होते. मधल्या दिवसांत काही विचारायचं असलं तर ग्रुपवर टाक, तिथल्या काकांना तर उत्तरं द्यायची हौसच आहे. व्हॉइस मेसेज मात्र नको, आईजवळ बसून ऐकता येत नाहीत.

एका गोष्टीला हे लागू नाही. जखमी पक्षी दिसला, मांज्यात अडकलेला असला, तर मेसेज करत बसू नको. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळव आणि मला सरळ फोन कर, कितीही वाजता. संक्रांत जवळ येऊन राहिली, तेव्हा गरज पडेलच.

मधल्या दिवसांत माझ्याकडून काही आलं नाही तर समज, बँकेत आहे नाहीतर आईजवळ. त्याच्यापलीकडे अर्थ काढू नको. आणि आता "सॉरी ताई" असे दहा मेसेज पाठवू नको बाप्पा. एक अंगठा पुरे.

या रविवारी पावणेसातला अंबाझरीला ये. माझी जुनी दुर्बीण आणते, उजव्या बाजूचा फोकस जरा घट्ट आहे, पण चालते. वही आण. नंतर तर्री पोहे माझ्याकडून, आणि त्या शिक्र्याच्या पिल्लाची गोष्ट तिथेच सांग, सहा मिनिटं काय, अर्धा तास सांग.

– ताई