दोन छायाचित्रांमधले सव्वा वर्ष

या छायाचित्रांखाली पूर्वी ‘९० दिवसांत कायापालट’ अशी ओळ होती. आमच्या व्यायामशाळेच्या संबंधित सदस्येच्या सूचनेवरून ती काढली असून, प्रत्यक्षात काय घडले ते त्यांच्या संमतीने येथे देत आहोत. डावीकडचे छायाचित्र त्यांनी प्रवेश घेतला त्या दिवसाचे आहे आणि उजवीकडचे गेल्या महिन्यातले. दुसऱ्या छायाचित्रात प्रकाश चांगला आहे आणि त्या ताठ उभ्या आहेत. दिसणाऱ्या फरकात त्याचाही वाटा आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

त्या ४३ वर्षांच्या असून बँकेत नोकरी करतात. या काळात त्यांचे वजन ७८ किलोंवरून ६९ किलोंवर आले. पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्याने खाली आला, परंतु सुरुवातीच्या अशा घटीत स्नायूंत साखरेचा साठा म्हणून असलेले ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचे पाणी बरेच असते, त्यामुळे तेव्हा आम्ही त्याचा गाजावाजा केला नाही. पुढे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत काटा जवळजवळ जागचा हलला नाही. मात्र त्याच काळात, आधी खुर्चीवर बसून-उठून स्क्वॉट शिकणाऱ्या या बाई खांद्यावर ३० किलोंचा बारबेल घेऊ लागल्या आणि घराचा तिसरा मजला न थांबता चढू लागल्या.

त्यांनी केले ते ऐकायला फार रंजक नाही. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी वजनांचा व्यायाम, रात्री जेवणानंतर चालणे आणि बॅग आदल्या रात्रीच भरून दाराशी ठेवणे. पोळी आणि भात त्यांनी सोडला नाही; सकाळच्या नाश्त्यात मटकीची उसळ किंवा अंडी आली आणि संध्याकाळची चहासोबतची बिस्किटे कमी झाली. मार्चअखेरीस बँकेत उशीर होत असे, तेव्हा त्या वीसच मिनिटांसाठी येत, पण ठरलेला वार चुकवत नसत.

सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र हा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा आढळला होता, म्हणून आम्ही यापुढे कोणालाही दिवसांचे वचन देणार नाही. वय, झोप, औषधे, थायरॉइड, घरच्या जबाबदाऱ्या या सगळ्यांचा वेगावर परिणाम होतो. या सदस्येचे आकडे तुमचे उद्दिष्ट ठरू नयेत.

नव्या सदस्यांसाठी सकाळची बॅच सहा वाजता असते. रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन यावे. पहिल्या भेटीत आम्ही तुमचे वजन करणार नाही. आठवड्यातले कोणते दोन दिवस तुम्हाला खरोखर जमतील, एवढेच विचारू.